ड्रॉइंगमध्ये एक, साइटवर दुसरंच : स्लॅबआधी बीम-कॉलमच्या सळया घरमालकाने कशा तपासाव्यात

सातारा-कराड पट्ट्यात घरबांधणीच्या साइटवर सुपरवायझर म्हणून मी बावीस वर्षं काम करतोय. या काळात एकच दुखणं मी पुन्हा पुन्हा निस्तरलं आहे. आरसीसी डिझायनरने ड्रॉइंग नीट काढलेलं असतं, स्टीलही चांगलं आलेलं असतं, पण बीममध्ये बांधलेली सळई आणि कागदावरची सळई जुळत नाही. मुद्दाम चोरी केलेली असते असं फार कमी वेळा आढळतं. बहुतेक वेळा शेड्युलची, म्हणजे ड्रॉइंगवरच्या मापांच्या तक्त्याची, ओळ चुकीची वाचली जाते, नाहीतर डावं-उजवं उलटं होतं. काँक्रीट पडलं की ही चूक कायमची आत जाते, आणि ती बाहेरून दिसत नाही.

आधी लक्षणं सांगतो. यातलं एक जरी दिसलं तरी स्लॅबची तारीख पक्की करू नका.

बीमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सळयांना वेढणाऱ्या रिंगांचं अंतर सगळीकडे सारखंच आहे, कॉलमजवळ दाट आणि मध्ये विरळ असं नाही. मधल्या कॉलमवर वाकून पाहिलं तर बीमच्या वरच्या बाजूला दोनच सळया दिसतात. कॉलमची लांब बाजू नकाशात एका दिशेला आहे आणि साइटवर दुसऱ्या. बाल्कनीची जाळी शटरिंगच्या प्लायला टेकली आहे. आणि शेवटचं, ज्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे : तुम्ही काही विचारलंत की सळया बांधणारा फिटर कागद न उघडता म्हणतो, "काका, आम्ही सगळीकडे असंच बांधतो." तो खोटं बोलत नसतो. खरोखरच सगळीकडे तसंच बांधत असतो, आणि अडचण तिथेच आहे.

पहिली तपासणी घरी, टेबलावर

याला पैसा लागत नाही आणि साइटवर जावंही लागत नाही. तुमच्याकडचं ड्रॉइंग आणि साइटवरच्या पेटीतलं ड्रॉइंग एकच आहे का, एवढं बघायचं. कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत ड्रॉइंगचा नंबर, तारीख आणि आवृत्तीचं चिन्ह असतं. पहिल्या प्रतीवर आर ०, बदल झाला की आर १, आर २. जिना हलला, खोली वाढली, टाकी वर गेली की डिझायनर नवी प्रत पाठवतो. ती तुमच्या मोबाइलवर येते, पण फिटरच्या हातात पहिल्या दिवशीची मळकी झेरॉक्सच राहते. मी पाहिलेल्या गोंधळांपैकी बरेचसे इथेच सुरू झाले होते. जुन्या प्रतीवर लाल पेनाने काट मारा, शक्य असेल तर ती साइटवरून उचलून आणा.

कागद हातात आहेच, तर जनरल नोट्स हा मजकूरही वाचा. काँक्रीटचा ग्रेड, स्टीलचा ग्रेड, प्रत्येक भागाचं कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेरच्या काँक्रीटची जाडी, आणि जोडाची लांबी तिथे लिहिलेली असते. "लॅप ५० डी" असं असेल तर सळईच्या जाडीच्या पन्नास पट : १६ मिमीच्या दोन सळया जोडताना ८०० मिमी एकमेकींवर यायला हव्यात. त्याच नोट्समध्ये बहुतेकदा असंही लिहिलेलं असतं की मोजपट्टी लावून माप काढू नका, लिहिलेला आकडाच धरा. झेरॉक्समध्ये आणि मोबाइलच्या पडद्यावर चित्र लहान-मोठं होतं, म्हणून ही सूचना मनावर घ्या.

दुसरी तपासणी : कॉलमची जागा आणि दिशा

स्ट्रक्चरलच्या नकाशावर आडव्या-उभ्या रेषांचं जाळं असतं. एका बाजूला अक्षरं, दुसऱ्या बाजूला आकडे. या रेषा जिथे भेटतात तिथे कॉलम, आणि त्याच्याशेजारी त्याचं नाव : सी १, सी २, सी ३. एफ म्हणजे फुटिंग, पीबी म्हणजे प्लिंथ बीम, बी म्हणजे वरच्या स्लॅबचा बीम, एस म्हणजे स्लॅबचा तुकडा. ही नावं फक्त पत्ता सांगतात. त्या पत्त्यावर काय आहे हे शेड्युल नावाच्या तक्त्यात मिळतं.

इथे पहिली मेख आहे. शेड्युलमध्ये सी ३ पुढे ३०० × ४५० असं माप असतं, पण ४५० ची बाजू कुठल्या दिशेला हे तक्ता सांगत नाही. ते फक्त नकाशात काढलेल्या लहान आयताच्या तोंडावरून कळतं. म्हणून तक्ता आणि नकाशा दोन्ही समोर हवेत. साइटवर जाताना मीटर टेप न्या आणि प्रत्येक कॉलमजवळ नकाशा धरून एकच प्रश्न विचारा : लांब बाजू रस्त्याला समांतर आहे की आडवी? डिझायनरने ती दिशा बीमचा भार आणि भूकंपाचा धक्का बघून ठरवलेली असते. भिंतीत लपावा म्हणून कॉलम फिरवायचा आग्रह काही वेळा घरमालकच धरतात. खोलीत कोपरा पुढे आलेला आवडत नाही हे मला समजतं, पण तो निर्णय साइटवर उभं राहून करायचा नसतो. ३०० ऐवजी २३० करा असं सांगणंही तसंच. भूकंपाचा विचार करून सळया कशा द्याव्यात हे सांगणाऱ्या आयएस १३९२०:२०१६ या मानकात कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिमी ठेवायला सांगितली आहे.

दुसरी मेख मजल्यांची. कॉलमच्या शेड्युलमध्ये एका सी ३ साठी अनेकदा दोन-तीन ओळी असतात : फुटिंग ते प्लिंथ, प्लिंथ ते पहिला स्लॅब, त्यावरचा मजला. वर जाताना सळया कमी होतात. फिटरने वरची ओळ वाचून खाली बांधलं, तर तळमजल्याच्या कॉलममध्ये आठऐवजी सहा सळया लागतात. बोट ठेवून आधी ओळ शोधा आणि मगच सळया मोजा.

कॉलम फिरलेला सापडला किंवा त्याची जागा सरकलेली दिसली, तर तिथेच थांबा. फुटिंगमधून वर आलेल्या सळया पाइप घालून वाकवून "जागेवर आणतो" असं कोणी म्हणालं तर हात लावू देऊ नका. हे फिटरचं काम नाही आणि माझंही नाही. डिझायनरला फोन करा.

तिसरी तपासणी : बीमची एक ओळ पूर्ण वाचणे

आता मुख्य भाग. वेळ द्यायचाच तर इथे द्या. एका शिक्षक दांपत्याच्या घराच्या पहिल्या स्लॅबच्या वेळी जे झालं, तेच उदाहरण घेतो. बीम बी ७. ड्रॉइंगवर असं होतं :

```
B7  230x450   BOT: 3-T16   TOP: 2-T16 THRU
EXTRA TOP    L: NIL    R: 2-T16 (1200 FROM FACE)
STIRRUPS     2L-T8 @100 c/c UPTO 900 FROM FACE
             2L-T8 @150 c/c REST
```

तुकडा तुकडा करून वाचू. बीम २३० मिमी रुंद आणि ४५० मिमी खोल. या खोलीत स्लॅबची जाडी धरलेली असते, त्यामुळे स्लॅबखाली दिसणारा भाग कमी भरतो. स्लॅब १२५ चा असेल तर खाली ३२५ दिसेल. यावरून बीम लहान केला म्हणून घरमालक घाबरतात, तसं काही नसतं. टी १६ म्हणजे १६ मिमी जाडीची पिळाची सळई. काही डिझायनर टीच्या जागी वाय किंवा दोन आडव्या-दोन उभ्या रेघांची खूण वापरतात. साइटवर तीच सळई "पाच सूत" असते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे १० मिमी तीन सूत, १२ मिमी चार सूत, १६ मिमी पाच सूत, २० मिमी सहा सूत. ८ मिमीला अडीच सूत म्हणतात. हे पाठ करून ठेवा, मग फिटरचं बोलणं आणि कागद यांची सांगड बसते.

तर बी ७ मध्ये खाली तीन सळया आणि वर दोन सळया या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिवाय उजव्या टोकाला वर आणखी दोन, कॉलमच्या तोंडापासून १२०० मिमी आत येणाऱ्या. यांना साइटवर "एक्स्ट्रा" म्हणतात. या नावानेच घात होतो. एक्स्ट्रा म्हणजे जादाची, नसली तरी चालेल, असं कानाला वाटतं.

ती का लागते हे बघायचं असेल तर जुन्या गादीतला फोमचा फूटभर लांब पट्टा घ्या. त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगावर ब्लेडने बारीक चिरा द्या. तीन पेन्सिलींवर तो आडवा ठेवा, दोन टोकांना आणि एक मध्ये, आणि पेन्सिलींच्या मधल्या जागी दोन बोटांनी दाबा. बोटांखाली खालच्या चिरा उघडतात. मधल्या पेन्सिलीवर मात्र वरच्या चिरा उघडतात. काँक्रीट दाब उत्तम घेतं, ताण घेत नाही. चीर जिथे उघडायला बघते तिथे सळई हवी. म्हणून दोन कॉलमच्या मध्ये सळई तळाला महत्त्वाची, आणि मधल्या कॉलमवर माथ्याला. तिथली एक्स्ट्रा राहिली तर त्या ठिकाणी अर्ध्याच सळया उरतात : चारऐवजी दोन.

आता डावं-उजवं. आडवा बीम असेल तर प्रश्न नाही, नकाशा सरळ धरला की डावी बाजू डावी. बी ७ नकाशात उभा होता. उभ्या बीमचं नाव उभं लिहिलेलं असतं आणि ते वाचायला आपण नकाशाच्या उजव्या कडेकडून बघतो. तसं बघितलं की कागदाची खालची बाजू डावीकडे येते आणि वरची उजवीकडे. म्हणजे बी ७ चं उजवं टोक नकाशावर वरचं, जिथे मधला कॉलम सी ३ होता. फिटर मात्र साइटवर दुसऱ्या बाजूला उभा राहून वाचत होता. त्याने दोन्ही एक्स्ट्रा बाहेरच्या कॉलमकडे, चुकीच्या टोकाला टाकल्या होत्या. सळया आकड्याने पूर्ण, जाडीने बरोबर, आणि जागा उलटी. नुसत्या सळया मोजणाऱ्याला हे कधीच सापडलं नसतं. काही डिझायनर डावं-उजवं न लिहिता कॉलमचं नावच लिहितात, ती पद्धत मला फार आवडते. तुमच्या ड्रॉइंगवर तसं नसेल तर उभ्या बीमची डावी बाजू कोणती, हे डिझायनरला एकदा विचारून प्रत्येक उभ्या बीमवर पेन्सिलीने लिहून ठेवा.

याच जागी घरमालकांची उलटी चूकही होते. बी ७ च्या पुढे त्याच रेषेत बी ८ होता आणि त्याच्या ओळीत डाव्या टोकाला २ टी १६ एक्स्ट्रा लिहिलं होतं. मॅडमनी दोन अधिक दोन चार अशी बेरीज केली आणि दोन कमी आहेत म्हणून काम थांबवायला निघाल्या. तशी बेरीज करायची नसते. त्या दोनच सळया सी ३ च्या डोक्यावरून दोन्ही बीममध्ये जातात : इकडे १२००, कॉलमचे ४५०, तिकडे १२००, एकूण २८५० मिमीचे दोन तुकडे. म्हणून सी ३ च्या वर दोन सरळ गेलेल्या आणि दोन एक्स्ट्रा, अशी चार डोकी दिसायला हवीत. शेजारच्या दोन ओळींत आकडे वेगळे असतील, समजा इकडे दोन आणि तिकडे तीन, तर स्वतः अर्थ लावू नका, डिझायनरला विचारा.

या दोन तुकड्यांचं वजन किती? सळईचं मीटरमागे वजन काढायचं सूत्र सोपं आहे :

```
kg/m = d x d / 162
```

१६ मिमीसाठी १.५८ किलो. दोन तुकडे मिळून ५.७ मीटर, म्हणजे नऊ किलो. एवढ्या स्टीलसाठी एका बीमचं मुख्य टोक कच्चं राहिलं असतं. हेच सूत्र जाडी तपासायलाही वापरा. पिळामुळे सळईची जाडी टेपने नीट कळत नाही. कापलेला मीटरभर तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा : ८ मिमीचा ३९५ ग्रॅमच्या आसपास, १२ मिमीचा ८८८ च्या आसपास भरायला हवा.

रिंगा मोजणे

शेड्युलच्या शेवटच्या दोन ओळी रिंगांच्या. टू-एल म्हणजे दोन पायांची, म्हणजे साधी चौकोनी रिंग. सी-सी म्हणजे एका रिंगेच्या मध्यापासून दुसऱ्या रिंगेच्या मध्यापर्यंतचं अंतर. कॉलमच्या तोंडापासून ९०० मिमीपर्यंत १०० वर, बाकी भागात १५० वर.

टेप लावून दोन-चार ठिकाणी अंतर बघितलं की लोकांना समाधान वाटतं. मी तसं करत नाही, मी रिंगा मोजतो. बी ७ ची दोन कॉलममधली मोकळी लांबी ३.९ मीटर होती. पहिली रिंग कॉलमच्या तोंडापासून ५० मिमीवर, मग १५०, २५० असं करत ८५० पर्यंत नऊ रिंगा. दुसऱ्या टोकाला तशाच नऊ. मध्ये उरले २२०० मिमी, त्यात १५० च्या हिशोबाने चौदा. एकूण बत्तीस. हा आकडा घरूनच कागदावर लिहून न्यायचा. साइटवर मोजल्या तर सत्तावीस निघाल्या. सत्तावीस हा आकडाच कारण सांगतो : ३८०० मिमीत सगळीकडे १५० ने रिंगा टाकल्या की नेमक्या तितक्याच बसतात. म्हणजे फिटरने शेवटची ओळच वाचली होती. वीस निघाल्या असत्या तर २०० ने टाकल्या असं समजायचं.

पाच रिंगांनी काय फरक पडतो, असं तिथे विचारलंच गेलं. बीमवरचा सगळा भार शेवटी टोकांकडून कॉलममध्ये उतरतो, त्यामुळे तिरपी भेग टोकाजवळ उघडते आणि तिला आडवी जाणारी सळई म्हणजे रिंगच. भूकंपात बीम पुढे-मागे हेलकावतो तेव्हा टोकाचंच काँक्रीट आधी फुटतं आणि दाट रिंगा त्याला आवळून धरतात. आमच्या जिल्ह्यात हे समजावायला फार बोलावं लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट ज्यांनी पाहिली ती माणसं अजून घराघरात आहेत.

रिंगा बघताच आहात तर त्यांची टोकंही बघा. टोक काटकोनात वळवून सोडलेलं नको. ते आतल्या काँक्रीटमध्ये शिरेल असं १३५ अंशात वळलेलं हवं, आणि वळणापुढे किमान ६५ मिमी सरळ. काटकोनातलं टोक बाहेरचं काँक्रीट सुटलं की उघडतं. आणि बीम जिथे कॉलमला मिळतो त्या गाठीत कॉलमच्या रिंगा आहेत का बघा. तिथे हात शिरत नाही म्हणून त्या सर्रास गाळल्या जातात.

हे सगळं बघायची वेळ एकच आहे : बीमचे पिंजरे शटरिंगमध्ये उतरले आहेत, पण स्लॅबची जाळी अजून पसरलेली नाही. जाळी आली की बीमचा माथा झाकतो आणि मग "आता कुठे उघडता, काका" सुरू होतं. म्हणून फिटरला आधीच सांगा, "दादा, जाळी टाकायच्या आधी मला एक दिवस द्या." रेडीमिक्सची गाडी तपासणी झाल्यावर बुक करा. गाडी दारात उभी असताना कोणाचंही मन खंबीर राहत नाही.

बी ७ चं पुढे काय झालं ते सांगतो. एक्स्ट्रा काढून सी ३ वर नेणं अर्ध्या तासाचं काम होतं. रिंगांना मात्र अर्धा दिवस गेला, कारण बंद रिंग मध्येच घालता येत नाही. पिंजरा उचलून, वरच्या सळया सोडवून रिंगा टोकाकडून सरकवाव्या लागतात. फिटरने रिंग उघडून अडकवतो आणि परत दाबतो असं सुचवलं. ते मान्य करू नका. उघडून दाबलेली रिंग बंद दिसते, पण आवळत नाही. त्याला नीट समजावलं, बत्तीसचा हिशोब खडूने प्लायवर लिहून दाखवला, तेव्हा त्याने स्वतःहून आणखी दोन बीममध्ये तीच चूक शोधून दिली.

चौथी तपासणी : बाल्कनी आणि कव्हर

याला वेळ कमी लागतो, पण सोडू नका. बाल्कनी, छज्जा असं एका बाजूनेच धरलेलं जे असतं, त्याची मुख्य सळई वर असते, कारण चीर वरून उघडते. ड्रॉइंगमध्ये छेदचित्रात ती वरच्या रेषेजवळ दाखवलेली असते. बांधताना ती वरच असते, आणि काँक्रीटच्या दिवशी माणसं पाय देऊन ती खाली बसवतात. १२५ मिमीच्या बाल्कनीत वर २० मिमी कव्हर सोडून १० मिमीची सळई ठेवली, तर तळापासून सळईच्या मध्यापर्यंतचं उपयोगी अंतर १०० मिमी मिळतं. ती ५० मिमी खाली दबली की बाल्कनीची ताकद साधारण निम्मी होते, सळया तेवढ्याच असूनही. जाळीखाली तिला उचलून धरणाऱ्या सळईच्या चेअर हव्यात, जवळ जवळ, आणि ओतकामाच्या वेळी चालायला फळ्या. त्या दिवशी घरातलं एक माणूस फक्त बाल्कनीपाशी उभं करा.

कव्हरसाठी जनरल नोट्समधला आकडा बघा. कॉलमला ४० मिमी असतं, बीमला साधारण २५ ते ३०, फुटिंगला ५०. तेवढ्याच जाडीचे कव्हर ब्लॉक खाली आणि बाजूंना हवेत. फरशीचे तुकडे आणि खडी नको. कव्हर कमी पडलं तर ओल सळईपर्यंत लवकर पोचते, आणि गंजलेली सळई फुगून काँक्रीटचे पापुद्रे सोडते.

कुठे थांबायचं

ड्रॉइंगमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे आणि साइटवर राहून गेलं आहे, एवढ्याच गोष्टी तुम्ही फिटरकडून करून घ्या : राहिलेली एक्स्ट्रा, कमी रिंगा, कव्हर ब्लॉक, चेअर. यात तुम्ही काही ठरवत नाही, कागदाप्रमाणे करवून घेता.

बदल करायचा प्रश्न आला की थांबा. सगळ्यात नेहमीचा प्रकार म्हणजे "सोळा संपली, बारा टाकतो, दोनच्या जागी तीन." ऐकायला उदार वाटतं. पण सळईची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे चालते : सोळाचा वर्ग २५६, दोनदा ५१२. बाराचा १४४, तीनदा ४३२. तीन असूनही कमीच. चार टाकल्या तर आकडा भरतो, पण २३० च्या रुंदीत त्यांच्यामधून खडी उतरेल का आणि त्या कॉलममध्ये नीट गुंततील का, हे डिझायनरच बघू शकतो. होकार त्याच्याकडून लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर चालेल. प्लंबिंगच्या पाइपसाठी बीममधली सळई कापलेली दिसली, कॉलममध्ये सगळ्या सळयांचे जोड एकाच उंचीवर किंवा बीमच्या गाठीत आलेले दिसले, ड्रॉइंगमधलं छेदचित्र आणि शेड्युल यांचे आकडेच जुळत नसले, तरीही त्यालाच बोलवा. स्टील तपासायला येणं हे त्याच्या कामात धरलेलं आहे की नाही, ते काम देतानाच विचारून ठेवा.

आणि चूक ओतकाम झाल्यावर कळली तर? समजा, फोटो बघताना लक्षात आलं की एका कॉलमवर दोनच डोकी दिसताहेत. छन्नी घेऊन काँक्रीट फोडून बघू नका. त्या बीमवर विटा, वाळू, पाण्याची टाकी काही चढवू देऊ नका आणि टेकू काढू देऊ नका. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू एरवी चौदा दिवसांनी काढतात, पण आता तो हिशोब धरायचा नाही. डिझायनरला बोलवा, त्याच्याकडे फोटो आणि ड्रॉइंगची आवृत्ती द्या. तो रीबार लोकेटर लावून आतल्या सळया शोधायला सांगेल. हे यंत्र वरच्या थरातल्या सळया दाखवतं, पण सळया जवळ जवळ असल्या की आकडा फसतो. म्हणून ते हाताळणारा जाणकार हवा, आणि निष्कर्ष डिझायनरनेच काढायला हवा. काही वेळा हिशोब करून तो म्हणतो की चालेल. काही वेळा बीमला जोड द्यावी लागते. तो सांगेपर्यंत टेकू जागेवर राहू द्या.